1780 ची बाई

नाण्यावर 1780 असं स्वच्छ लिहिलेलं होतं आणि घरातली मोठी माणसं तिथेच अडकली. अडीचशे वर्षांपूर्वीचं, परदेशी, तळहातावर ठेवलं तर जाणवेल इतकं जड आणि चांदीचं. मोबाइलवर पाच-दहा रुपयांच्या जुन्या नाण्यांना लाखांनी भाव मिळाल्याचे व्हिडिओ रोज येतात. मग याला किती मिळेल, या हिशेबात चिऊचे दोन काका आणि एक आत्या अख्खी संध्याकाळ गुंतली होती. ज्या मुलीने नाणं शोधलं होतं तिचा प्रश्न वेगळा होता. तिला विचारायचं होतं, की ही बाई कोण आणि ती आबांच्या ट्रंकेत कशी आली?

चिऊ माझ्या चुलतभावाची मुलगी. अकरा वर्षांची, सहावीतली. घर दाभोळच्या खाडीकाठी. तिचे आजोबा, म्हणजे आबा, गेल्या वर्षी वारले. ते आयुष्यभर बोटीवर होते. आधी मुंबईहून मस्कत, बहरीन, कुवेत, बसरा असं जाणाऱ्या बी.आय. कंपनीच्या बोटींवर, मग त्याच कंपनीच्या ‘करांजा’वर आफ्रिकेच्या फेऱ्यांना. रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनारपट्टीच्या गावांत असं घर सापडणं मुळीच अवघड नाही. डोंगरीतल्या किंवा माझगावातल्या गावकीच्या खोलीवर पथारी, गोदीत भरतीची वाट, खलाशापासून सुरुवात आणि नशीब असेल तर तांडेल, सारंग. या माणसांच्या पत्र्याच्या ट्रंका अजून कोकणातल्या माळ्यांवर आहेत. त्यांत सीडीसीचं पुस्तक असतं, एखादा बोटीचा ग्रुप फोटो असतो आणि तळाशी, कापडी पुरचुंडीत, परत जाताना खर्च करायची राहून गेलेली नाणी असतात.

आबांच्या पुरचुंडीत पाच नाणी निघाली. एक ते मोठं, 1780 वालं. दोन सिंहाची, एकमेकांसारखी दिसणारी. एक तांब्याच्या रंगाचं, मधोमध भोक असलेलं. आणि एक फुलाच्या पाकळ्यांसारखी कड असलेलं, ज्यावर एका लहान मुलाचा चेहरा होता आणि अक्षरं अरबी.

मला फोन आला तेव्हा दोन गोष्टी होऊन गेल्या होत्या. एका काकाने मोठ्या नाण्याचा फोटो कुठल्याशा जाहिरातीखालच्या नंबरावर पाठवला होता आणि तिकडून ‘सात लाख देतो, आधी नोंदणीचे बावीसशे आणि नंतर कराची रक्कम भरा’ असं उत्तर आलं होतं. दुसऱ्याने नाणं चिंच-मिठाने घासायला घेतलं होतं. पहिली गोष्ट आजीने अडवली. “देणारा पैसे देतो, मागत नाही,” एवढंच ती म्हणाली. तिला माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये नेमका याच प्रकाराबद्दल इशारा दिला होता. बँकेचं नाव आणि चिन्ह वापरून लोक जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारांसाठी शुल्क, कमिशन, कर उकळतात, बँकेचा अशा व्यवहारांशी काहीही संबंध नाही आणि बँक असे पैसे कधी मागत नाही, असं त्या पत्रकात होतं. या फसवणुकीत नाणं कुणाला नकोच असतं. पुढच्याला हवे असतात ते बावीसशे रुपये.

दुसरी गोष्ट चिऊने अडवली, पण अर्ध्यावर. मागच्या बाजूच्या गरुडाचा एक पंख तोवर लखलखीत झाला होता. चांदीवर वर्षानुवर्षं हवेने जी काळपट झाक चढते तिला संग्राहक मळ मानत नाहीत. ती नाण्याची कातडी असते. घासलं की तिच्याबरोबर धातूचा अगदी पातळ थर जातो, बारीक ओरखडे राहतात आणि भिंगाखाली ते लपत नाहीत. घासलेल्या नाण्याची संग्राहकाच्या लेखी किंमत उतरते आणि ती पुन्हा कशानेही चढत नाही. जुनं नाणं सापडलं तर त्याला काहीही लावू नये. फार माती असली तर साध्या पाण्यात धुऊन मऊ फडक्याने टिपावं, चोळू नये, आणि कडेला धरावं. एवढं पाळलं तरी पुष्कळ.

मी गावी गेले तेव्हा चिऊने नाण्याचं वर्णन वहीत उतरवून ठेवलं होतं आणि ते इतकं नेटकं होतं की अर्धं काम झालंच होतं. एका बाजूला उजवीकडे पाहणारी भरल्या अंगाची बाई, डोक्यावरून मागे गेलेला पदरासारखा कपडा, कपाळावर मोत्यांची पट्टी, खांद्याशी मोत्यांनी मढवलेला बिल्ला. खाली एस. एफ. ही दोन अक्षरं. दुसऱ्या बाजूला दोन डोक्यांचा गरुड, त्याच्या छातीवर ढाल, आणि साल. कडेवर उठावदार अक्षरं. आणि बाईच्या डोक्याच्या वर, अगदी काठाला, एक खडबडीत डाग.

ती बाई म्हणजे ऑस्ट्रियाची महाराणी मारिया तेरेसा. डोक्यावर आहे ती विधवेची ओढणी. नवरा 1765 साली गेल्यावर तिने शोकाचा वेष कायमचा धरला. ती स्वतः 29 नोव्हेंबर 1780 रोजी वारली. नाण्याला म्हणतात थालर. एस. एफ. ही आद्याक्षरं श्योबल आणि फाबी या दोन टांकसाळ अधिकाऱ्यांची. आज जर्मनीत असलेल्या ग्युन्त्सबुर्ग गावच्या टांकसाळीत ते होते. कडेवर लॅटिनमध्ये तिचं ब्रीद आहे, न्यायाने आणि दयेने.

“म्हणजे अडीचशे वर्षांचं आहेच!” मोठा काका म्हणाला.

तसं नाही. या नाण्याची सगळी गोष्ट याच ‘तसं नाही’मध्ये आहे.

ग्युन्त्सबुर्गची ही नाणी व्यापाऱ्यांमार्फत भूमध्य समुद्र ओलांडून तुर्की मुलखात, तिथून लाल समुद्राच्या दोन्ही काठांवर गेली. येमेनची कॉफी, अबिसीनियाचा माल, अरबस्तानातले उंट, सगळ्याची किंमत थालरमध्ये होऊ लागली. लोकांनी त्या चेहऱ्यावर इतका विश्वास टाकला की महाराणी मेल्यावर तिच्या मुलाचं तोंड असलेलं नाणं ते घेईनात. बाजारातली माणसं लिहिता-वाचता येणारी नसत, पण कपाळपट्टीवरचे आणि बिल्ल्याभोवतीचे मोती ती मोजून घेत. मोती कमी, तर नाणं परत. तेव्हा ऑस्ट्रियाने शहाणपणा केला. जुनाच ठसा, जुनंच साल, जुनीच आद्याक्षरं कायम ठेवून नाणी पाडत राहायचं. 1858 नंतर खुद्द ऑस्ट्रियात ते चलन राहिलं नाही, तरी व्हिएन्नाची टांकसाळ परदेशच्या व्यापाऱ्यांसाठी ते पाडतच होती. सगळी मिळून चाळीस कोटींच्या आसपास नाणी निघाली आणि त्या सगळ्यांवर साल एकच, 1780.

म्हणून 1780 चं थालर हातात आलं की साल वाचून काहीच कळत नाही. खरोखर 1780 साली पाडलेलं नाणं दुर्मीळ आहे आणि त्याला संग्राहक चांगले पैसे मोजतात. नंतरचं असेल तर बहुतेक वेळा त्यातल्या चांदीचीच किंमत. हे चिऊला सांगितलं तेव्हा ती हिरमुसली नाही. तिने विचारलं, “मग आपलं कधीचं?”

त्याआधी एक पायरी होती. ते चांदीचं तरी आहे का? थालरच्या नकला पुष्कळ आहेत, जुन्याही आणि आताच्याही. लोहचुंबक लावणं ही सगळ्यांना सुचणारी परीक्षा, पण तिने फक्त लोखंडी नक्कल पकडली जाते. पितळ, शिसं, जर्मन सिल्व्हर यांना चुंबक ओढत नाही. कड पाहणं जास्त उपयोगाचं. साच्यात ओतलेल्या नकलेच्या कडेला बहुधा दोन अर्ध्या साच्यांचा सांधा रेषेसारखा दिसतो, आणि उठावदार अक्षरं अशा नाण्यात मऊ, वितळल्यासारखी येतात. आमच्या नाण्याची अक्षरं धारदार होती. पण खात्रीची परीक्षा वजनाची आणि त्यासाठी आम्ही गावातल्या सोनाराच्या दुकानात गेलो.

ही परीक्षा कुणालाही करता येते म्हणून सावकाश सांगते. थालरचं ठरलेलं वजन 28.07 ग्रॅम आणि चांदी 833, म्हणजे हजारात 833 भाग चांदी, उरलेलं तांबं. आमचं नाणं काट्यावर 27.94 ग्रॅम भरलं. थोडी झीज, ठीक. पण वजन एकटं पुरत नाही, कारण नक्कल करणारा हलक्या धातूची चकती जरा जाड करून वजन जुळवतो. म्हणून सोनाराने काट्यावर पाण्याचा प्लास्टिकचा पेला ठेवला आणि काटा शून्यावर आणला. चिऊने नाण्याला शिवणाचा बारीक दोरा बांधला आणि ते पाण्यात असं सोडलं की पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा भिंतीला टेकणार नाही. दोरा हातात धरलेला असल्यामुळे काट्यावर नाण्याचं वजन येत नाही. नाण्याने जितकं पाणी बाजूला सारलं तितकंच येतं. पहिल्यांदा आकडा हलत राहिला. नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे झटकल्यावर तो 2.74 वर थांबला. 27.94 ला 2.74 ने भागलं की 10.2 येतात. शुद्ध चांदीचा आकडा 10.5, पितळेचा साडेआठच्या आसपास, शिशाचा 11.3. 833 च्या चांदीला 10.2 च यायला हवा होता आणि तो आला. पितळेचं असतं तर पाणी 3.3 ग्रॅम सरलं असतं.

“आता चांदीचे पैसे काढ,” सोनार तिला म्हणाला. तिने वहीत गुणाकार केला. 27.94 ग्रॅममध्ये निव्वळ चांदी 23.27 ग्रॅम. किलोचा भाव एक लाख धरला तर 2,327 रुपये, दीड लाख धरला तर साधारण 3,490. आणि सोनाराने प्रामाणिकपणे हेही सांगितलं की विकायला आलात तर एवढे मिळणार नाहीत. आटणावळ आणि घट धरून तो कमीच देणार. सात लाखांचं नाणं तिथे दोन-तीन हजारांवर आलं आणि दोन्ही काकांचा त्यातला रस जवळजवळ संपला. नाण्याची खरी चौकशी मात्र तिथून पुढे सुरू झाली.

दिवाळीच्या सुटीत चिऊ मुंबईला आली तेव्हा आम्ही फोर्टमधल्या एका जुन्या नाणेव्यापाऱ्याकडे गेलो. त्यांच्या काचेखाली शिवराई होत्या, कंपनी सरकारचे रुपये होते, पोर्तुगीजांची गोव्यातली नाणी होती. त्यांनी थालर हातात घेतलं, आधी तो डाग पाहिला आणि म्हणाले, “हे गळ्यात होतं. इथे कडी झाळलेली होती, नंतर काढली.” येमेन, ओमान, इथिओपिया सगळीकडे बायका थालर दागिन्यात घालत, शिवाय सोनार ते आटवून दागिने घडवत. आपल्याकडे व्हेनिसच्या डुकाटवरून पुतळ्यांची माळ आली, तोच प्रकार. बँक नसलेल्या मुलखात बाईच्या गळ्यातली माळ हीच घरची शिल्लक. पण संग्राहकाला झाळलेलं नाणं नको असतं. डाग आणि घासलेला पंख, दोन्ही मिळून त्यांनी संग्राहकाची किंमत जवळजवळ पुसून टाकली.

मग त्यांनी एक पुस्तक काढलं. थालर कुठल्या टांकसाळीचं हे ओळखायला जाणकारांनी बारीक खुणा जमवलेल्या आहेत. गरुडाच्या शेपटीतल्या पिसांची मांडणी, बिल्ल्याचे मोती, कडेवरच्या शब्दांमधली वेलबुट्टी, टिंबांची जागा. त्या खुणा नुसत्या डोळ्याला दिसत नाहीत. ते बराच वेळ भिंग लावून एकदा नाण्याकडे, एकदा चित्रांकडे पाहत होते. मग त्यांनी पुस्तक आमच्याकडे फिरवलं आणि खिडकीकडे बोट केलं.

“माझ्या मते हे इथलं आहे. इथून दहा मिनिटांवर पाडलेलं.”

चिऊला वाटलं ते थट्टा करताहेत. पण त्यात थट्टा नव्हती. रिझर्व्ह बँकेच्या समोर उभी असलेली मुंबईची टांकसाळ आपण रस्त्यावरून जाताना पाहतो. 1940 आणि 1941 या दोन वर्षांत तिने व्हिएन्नाच्या महाराणीची, 1780 साल घातलेली एक कोटी अठ्ठ्याऐंशी लाखांहून जास्त नाणी पाडली.

हे कसं झालं? मुसोलिनीला 1935 साली अबिसीनिया, म्हणजे इथिओपिया, जिंकायचा होता. तिथे कागदी लिरा कुणी घेईना, थालर हवं होतं. त्याने ऑस्ट्रियाकडून ठसे आणि पाडण्याचा हक्क पंचवीस वर्षांसाठी मिळवला आणि रोममध्ये नाणी सुरू केली. त्यामुळे लाल समुद्रावरच्या ब्रिटिश व्यापाऱ्यांना थालर मिळेनासं झालं. ब्रिटनने मग कुणाला न विचारता 1936 पासून लंडनला तेच नाणं पाडायला घेतलं. पॅरिस आणि ब्रसेल्समध्येही ते निघू लागलं. जून 1940 मध्ये इटली युद्धात उतरला आणि पूर्व आफ्रिका रणभूमी झाली. तिथल्या मोहिमेसाठी उंटवाले, हमाल, धान्यविके आणि बंडखोर इथिओपियन सरदार यांना द्यायला पैसा लागत होता आणि तो पैसा म्हणजे एकच. त्या किनाऱ्याला लंडनपेक्षा मुंबई फार जवळ. म्हणून काम मुंबईला आलं.

त्याच मोहिमेत, 1941 च्या सुरुवातीला, एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांवर इटालियन फौजांशी जे लढले त्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान होते. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची माणसं तिकडे लढत होती आणि त्या मुलखात चालणारं नाणं मुंबईतले कामगार पाडत होते. या दोन गोष्टी शेजारी ठेवून मी कुठे वाचलेल्या नाहीत आणि आपल्या शाळेच्या इतिहासात यातली एकही नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. टांकसाळीत ठशाच्या यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाला ही बाई कोण म्हणून सांगितलं असेल, हा चिऊने व्यापाऱ्याला विचारलेला प्रश्न होता. ते म्हणाले, “कुणी सांगितलं नसणार, बेटा. नगाला नग मोजून द्यायचे.”

एक बारीक पण कामाची गोष्ट त्यांनीच सांगितली. आपल्याकडे 1972 च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. इथे मोजायचं ते नाणं पाडल्याचं वय, त्यावर लिहिलेलं साल नव्हे. पण विमानतळावर 1780 वाचणाऱ्या अधिकाऱ्याला हे तिथल्या तिथे पटवता येणार नाही. परदेशी राहणाऱ्या नातेवाइकाला असं नाणं ‘आठवण’ म्हणून पिशवीतून देऊ नये, आधी पुरातत्त्व खात्याकडून ते पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यावा.

उरलेल्या नाण्यांना व्यापाऱ्याने कमी वेळ दिला, पण मला सिंहाची जोडी थालरइतकीच मोलाची वाटते. दोन्ही पूर्व आफ्रिकेचे शिलिंग, मागे डोंगरांपुढे उभा सिंह, पुढे सहावा जॉर्ज. 1921 पासून केनिया, युगांडा, टांगानिकाचं आणि पुढे झांझिबारचंही हे सामाईक चलन. 1951 पासून एडनमध्येही ते चाललं. आबांचं एक शिलिंग 1946 चं, दुसरं 1949 चं. आकार तोच, वजन तेच, साधारण पावणेआठ ग्रॅम. पण 1946 च्या नाण्यात पाव हिस्सा चांदी आहे, 1949 च्या नाण्यात मुळीच नाही. ते तांबं-निकेलचं. युद्धानंतर ब्रिटनला चांदी परवडेना.

चिऊने फरक धातूत नाही, अक्षरांत पकडला. 1946 वर राजाच्या नावानंतर आणखी काही लिहिलेलं आहे, 1949 वर ते नाही. ते जास्तीचे शब्द लॅटिनमध्ये, तोडून लिहिलेले, आणि त्यांचा अर्थ ‘आणि हिंदुस्थानचा सम्राट’. 15 ऑगस्ट 1947 नंतर ते शब्द नाण्यांवरून गेले. आफ्रिकेतल्या मजुराच्या खिशातल्या शिलिंगावरून आपलं स्वातंत्र्य वाचता येतं! “दोन्ही मिळून दीड-दोनशे रुपये,” व्यापारी म्हणाले. तांब्याच्या रंगाचं भोकाचं नाणं म्हणजे त्याच चलनातले दहा सेंट. भोक दोऱ्यात ओवायला सोयीचं. त्याचे वीस-तीस रुपये.

आणि तो लहान मुलगा. पाकळ्यांच्या कडेचं ते नाणं इराकचं, चार फिल्सचं. त्यावरचे आकडे अरबी आहेत आणि ते वाचणं तासाभरात शिकता येतं. त्यांचा पाच आपल्या शून्यासारखा गोल, शून्य म्हणजे नुसतं टिंब, एक आणि नऊ जवळजवळ ओळखीचे. चिऊने 1943 वाचलं. मुलगा म्हणजे दुसरा फैसल. बाप मोटार अपघातात गेला म्हणून 1939 साली, वयाच्या चौथ्या वर्षाआधीच राजा झालेला. नाण्यावर तो आठ वर्षांचा आहे. 14 जुलै 1958 रोजी बगदादमध्ये बंड झालं आणि तेविसाव्या वर्षी तो मारला गेला. आबांच्या बोटी बसऱ्याला लागत त्याच वर्षांतली ही गोष्ट. चिऊने या नाण्याचा भाव विचारलाच नाही. तिला तो मुलगा शाळेत जायचा का ते हवं होतं. जायचा, शेवटी लंडनजवळच्या हॅरो शाळेत.

फक्त थालर आबांकडे कसं आलं ते पुस्तकात मिळणार नव्हतं. खाडीच्या पलीकडच्या गावात आबांबरोबर बोटीवर असलेले एक तांडेल आहेत, नव्वदीचे. गावात सगळे त्यांना चाचा म्हणतात. सुटीवरून परतल्यावर चिऊ आणि तिचे बाबा होडीने त्यांच्याकडे गेले. मी फोनवर ऐकत होते. चाचांनी नाणं डोळ्यांशी न धरता बोटांनी चाचपलं.

“मस्कतचा हा. आमी याला रियालच म्हनायचे. तिथं तवा धक्का कुटं होता? बोट बाहेर नांगर टाकायची. मग छोट्या होड्या येत चारी बाजूंनी, खजूर, मासे, काय काय घिऊन. तुज्या आजानं एक खाकी पँट दिली, नवी, धुतलेली पन नव्हती. साबनाच्या वड्या वर. होडीवाल्यानं कमरेच्या फडक्यातनं हा काडून दिला.”

“पँट केवढ्याची होती, चाचा?”

“आता काय सांगू पोरी? पन आमी सारे हासलो त्याला. मस्कतला रुपया चालायचा, आन् हा रियालबी चालायचा, पन याचा भाव रोज वरखाली. आज चार रुपये तर उद्या कमी. कुनी सांगितलं होतं घ्यायला! त्यो म्हनला, बायकोला दाखवतो, बगा किती जड हाय.”

चाचांचं भावाबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. थालर हे कुठल्याच सरकारने हमी दिलेलं नाणं नव्हतं, त्यातली चांदी हीच हमी. त्यामुळे चांदीचा भाव हलला की तेही हले. मस्कतला तेव्हा शेजारी चालत होता तो आपलाच रुपया. 1959 साली रिझर्व्ह बँकेने आखाती देशांसाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या आणि 1966 साली रुपयाचं अवमूल्यन झाल्यावर तोवर तो वापरणाऱ्या बहुतेक देशांनी तो सोडला. मस्कतने मात्र 1970 पर्यंत ठेवला. म्हणजे चाचा सांगतात त्या बाजारात एका हातात मुंबईचा रुपया होता आणि दुसऱ्या हातात मुंबईचीच महाराणी. होडीवाल्याला आणि आबांना दोघांनाही ते माहीत असायचं कारण नव्हतं.

कडीचा खुलासा आजीने केला. “त्याला तुटकी कडी होती, गो. माळेत घाला म्हणाले. मी काय परक्या बाईचं तोंड गळ्यात घालू? पोरं खेळायला घ्यायची, कडी हाताला लागायची, म्हणून सोनाराकडून काढवली. त्याने मजुरीही घेतली नाही, कडीच ठेवून घेतली.” आजी जरा थांबून म्हणाली, “जड होतं मात्र खरं.”

विकायचं की नाही, यावर घरात फार बोलणं झालं नाही. चिंच-मिठाने घासणाऱ्या काकाने स्वतःच कार्डाचे खण असलेला अल्बम आणून दिला. व्यापाऱ्याने बजावलं होतं की साध्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटात नाणी ठेवू नका, त्यातून सुटणाऱ्या रसायनाने वर्षा-दोन वर्षांत तांब्यावर हिरवा चिकट थर येतो. कोकणातल्या दमट हवेत तर लवकरच. कार्ड आणि पॉलिएस्टरची खिडकी असलेले खण, आणि डब्यात सिलिका जेलची पुडी, एवढं पुरतं. प्रत्येक खणाखाली चिऊने चिठ्ठी लावली आहे. थालरच्या चिठ्ठीवर वजन, पाण्यातला आकडा, झाळाचा डाग, ‘पंख घासलेला’, आणि ‘मस्कत, खाकी पँट व साबण, चाचांनी सांगितले’ असं लिहिलं आहे. अशी नोंद नसेल तर पुढच्या पिढीच्या हाती नुसतं 1780 येतं आणि सात लाखांचा फोन पुन्हा येतो.

‘टांकसाळ’ या शब्दापुढे तिने मुंबई लिहून कंसात प्रश्नचिन्ह ठेवलं आहे, कारण एका माणसाने एकदा भिंगातून पाहून सांगितलेलं तिला पुरेसं वाटत नाही. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथे नाण्यांचं संग्रहालयही आहे. मे महिन्यात तिकडे जायचं ठरलं आहे. शेपटीच्या पिसांचे आणि कडेच्या वेलबुट्टीचे मोठे करून काढलेले फोटो तिने आतापासूनच वहीत चिकटवले आहेत.